दिल्लीचे तख्त, विकत घेतलेली माणसे आणि कुळाचा वाद

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात आर. के. पुरम येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत घर कोणत्या प्रकारचे मिळावे हे पगाराच्या श्रेणीवरून ठरते. आजोबा कोण होते, हे तेथे कुणी विचारत नाही. मात्र या वसाहतीपासून दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला थोडे अंतर गेले, की अशा काळाचे अवशेष उभे आहेत ज्या काळी हाच प्रश्न दरबारात उघडपणे विचारला जात असे. वसंत कुंजजवळ सुलतान घारीची कबर आहे. १२३१ साली इल्तुतमिशने ती आपल्या मुलासाठी बांधली. मेहरौलीत स्वतः इल्तुतमिशची आणि पुढे सुलतान झालेल्या बल्बनची कबर आहे. हे दोघेही सुलतान बालवयात किंवा तारुण्यात बाजारात विकले गेलेले गुलाम होते. दोघेही जन्माने मध्य आशियातील तुर्क. आणि या दोघांच्या दिल्लीतच, इस्लाम स्वीकारलेल्या हिंदुस्थानी माणसाला मोठे पद द्यावे की नाही, यावरून शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. आजचा विषय तो वाद आहे.

या वादाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. अरबांचे साम्राज्य सातव्या शतकात वेगाने पसरले, तेव्हा इराणी, तुर्की, सीरियन अशी अरबेतर माणसे इस्लाममध्ये आली. त्यांना समाजात जागा मिळण्यासाठी एखाद्या अरब कुळाचा आश्रय घ्यावा लागे. मुक्त झालेला गुलाम आपल्या जुन्या धन्याशी बांधलेला राही, आणि नवधर्मांतरिताला संरक्षक शोधावा लागे. अशा आश्रिताला 'मौला' म्हणत. त्याचे अनेकवचन 'मवाली'. मराठीतील 'मवाली' हा शब्द याच बहुवचनातून आला, असे मानले जाते. हे मवाली लढाईत अरबांच्या शेजारी उभे राहत, परंतु उमय्या खलिफांच्या काळात अनेक ठिकाणी त्यांना सैनिकी वेतन मिळत नसे आणि धर्मांतरानंतरही त्यांच्याकडून जिझिया घेतला जाई. खलिफा दुसरा उमर याने ७१७ ते ७२० या आपल्या छोट्या कारकिर्दीत ही वसुली थांबवण्याचा आदेश दिला. पुढे ७५० साली उमय्या घराणे उलथून टाकणाऱ्या उठावाचा खुरासानातील सेनापती अबू मुस्लिम हा स्वतः मौला होता. धर्म सर्वांना एका रांगेत उभे करतो आणि राज्य मात्र रांगेत मागे ढकलते, हा ताण त्या साम्राज्याच्या जन्मापासूनचा आहे. दिल्लीत तो नव्या रूपात आला.

दिल्लीच्या सुलतानांनी आपले राज्य उभारले ते विकत घेतलेल्या तुर्क गुलामांच्या बळावर. यामागे साधा हिशेब होता. ज्याला या देशात आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, गावकी नाही, तो माणूस सर्वस्वी धन्याचा असतो. धनी त्याला घोडेस्वारी शिकवी, वाढवी, प्रांत देई. 'बंदा' म्हणजे गुलाम, पण सुलतानाचा 'बंदा-ए-खास' हा दरबारात मानाचा माणूस होता. पोरकेपण हीच येथे पात्रता होती.

तरीही कायद्याची बाजू उरतेच. गुलामाला सुलतान होता येत नाही. सुलतानाला स्वतंत्र माणूस असावे लागते. इब्न बतूता १३३४ साली दिल्लीत आला, तेव्हा त्याने इल्तुतमिशबद्दल एक हकीकत ऐकली. राज्य हाती घेतल्यावर काझी आणि फकीह दरबारात आले व सुलतानासमोर बसले. त्यांच्या मनात काय आहे हे इल्तुतमिशने ओळखले, बैठकीच्या गालिच्याचा कोपरा उचलला आणि त्याखालचा कागद पुढे केला. ते त्याचे मुक्तिपत्र होते. काझींनी ते वाचले आणि मग निष्ठेची शपथ घेतली. हकीकत शंभर वर्षांनंतर लिहिलेली आहे, तेव्हा तिच्या तपशिलावर किती विसंबावे हा प्रश्न आहे; पण दिल्लीकरांना सत्तेचा हक्क कशातून येतो असे वाटत होते, हे तिच्यातून दिसते. तो कुळातून नव्हे, एका कागदातून येत होता.

दिल्लीत हनफी कायदा चाले. या कायद्यात माणसांच्या बरोबरीचा विचार सर्वांत स्पष्टपणे विवाहाच्या प्रकरणात येतो. वधूचे पालक कोणत्या वराला 'बरोबरीचा नाही' म्हणून नाकारू शकतात, हे तेथे ठरवले आहे. अरबांसाठी वंश पाहावा. अरबेतरांसाठी मात्र इस्लाममध्ये किती पिढ्या झाल्या आणि स्वातंत्र्यात किती पिढ्या झाल्या, हे पाहावे. जो स्वतःच मुसलमान झाला तो, जिचा बाप मुसलमान होता अशा मुलीच्या बरोबरीचा नाही. परंतु ज्याचे वडील आणि आजोबा दोघेही मुसलमान होते, तो कितीही पिढ्यांच्या मुसलमानाच्या बरोबरीचा आहे. अबू युसुफ या श्रेष्ठ हनफी पंडिताच्या मते तर वडिलांची एक पिढीच पुरे. म्हणजे कायद्याने शिडी मान्य केली होती, पण ती दोन पायऱ्यांची शिडी होती. नवागताचा नातू वरच्या पायरीवर पोहोचत असे आणि त्यानंतर हिशेब बंद होई. दिल्लीच्या दरबारात जे घडले ते समजायला ही दोन पायऱ्यांची शिडी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण दरबारी लोक ज्या शिडीबद्दल बोलत होते तिला शेवट नव्हता.

पहिला उघड संघर्ष १२५३ साली झाला. तख्तावर इल्तुतमिशच्या घराण्यातला नासिरुद्दीन महमूद होता आणि राज्यकारभार त्याचा सासरा बल्बन पाहत होता. बल्बनला इल्तुतमिशने १२३२च्या सुमारास दिल्लीत विकत घेतले होते. त्या वर्षी दरबारातील एका गटाने सुलतानाचे मन वळवले, बल्बनला आधी हांसीला आणि नंतर नागौरला पाठवले, आणि कारभार इमादुद्दीन रैहान याच्या हाती आला. रैहानला 'वकील-ए-दर' हे पद मिळाले. तो मुसलमान होता, पण जन्माने हिंदुस्थानी, आणि शिवाय नपुंसक केलेला गुलाम.

या घटनेची बातमी देणारा मुख्य साक्षीदार मिनहाज-ए-सिराज हा इतिहासकार. त्याची हकीकत अशी, की शुद्ध रक्ताच्या तुर्क सरदारांना हिंदच्या जमातीतील माणसाचा हुकूम मानणे असह्य झाले. त्यांनी प्रांताप्रांतातून फौजा जमवल्या. १२५४च्या अखेरीस सुलतानाची आणि त्यांची सैन्ये समोरासमोर आली आणि लढाई टाळण्यासाठी सुलतानाने रैहानला दूर केले. त्याला बदायूँला व पुढे बहराइचला पाठवण्यात आले. १२५५ साली तो मारला गेला. बल्बन परत आला.

मिनहाजची साक्ष तपासून घ्यावी लागते. रैहानच्या काळात मिनहाजचे काझीपद गेले होते. गुंडांच्या भीतीने सहा महिन्यांहून अधिक काळ जुम्म्याच्या नमाजालाही बाहेर पडता आले नाही, असे तो स्वतः सांगतो. त्याने ग्रंथ पुरा केला १२६० साली, आणि तेव्हा त्याचा आश्रयदाता बल्बन होता. म्हणून 'तुर्क विरुद्ध हिंदुस्थानी' हे चित्र त्याने रंगवले तितके सरळ नव्हते. रैहानच्या बाजूने तुर्क सरदारही होते. भांडण पदाचे आणि प्रांतांचे होते. जन्माचा मुद्दा हे त्या भांडणातील हत्यार होते. परंतु हत्यार म्हणून तोच मुद्दा का निवडला गेला, याला महत्त्व आहे. रैहान गुलाम होता हा आक्षेप घेता येत नव्हता, कारण आक्षेप घेणारे गुलामच होते. तो धर्मांतरित होता हाही आक्षेप घेता येत नव्हता, कारण तुर्कही एका पिढीपूर्वी मुसलमान झालेले. उरली ती एकच गोष्ट: तो या भूमीतला होता. येथे त्याचे भाऊबंद असू शकत होते, आणि पोरकेपणाच्या बाजारात ही उणीव ठरत होती.

बल्बन १२६६ साली स्वतः सुलतान झाला आणि त्याने हा मुद्दा राज्याचे धोरण म्हणून मांडला. झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने त्याच्या दरबारातील एक प्रसंग नोंदला आहे. अमरोह्याच्या महसुली हिशेबनिसाची जागा, म्हणजे 'ख्वाजगी', भरायची होती. अमीरांनी कमाल महियार नावाचा हुशार माणूस पुढे केला. बल्बनने विचारले, 'महियार' म्हणजे काय? त्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितले, की महियार हे त्याच्या वडिलांचे नाव, आणि ते हिंदू गुलाम होते. बल्बन दरबारातून उठून गेला. शिफारस करणाऱ्यांना त्याने आत बोलावून झापले, आणि आपण तुराणच्या पौराणिक राजा अफ्रासियाबच्या वंशातले आहोत, नीच कुळातल्या माणसाला आपल्या राज्यात अधिकारावर बसलेले आपल्याला पाहवत नाही, असे सुनावले.

या प्रसंगातील तीन गोष्टी सूक्ष्मपणे पाहण्यासारख्या आहेत. पहिली, कमालच्या योग्यतेबद्दल कुणीही शंका घेतलेली नाही. पद हिशेबनिसाचे होते आणि हिशेब त्याला येत होता. दुसरी, अमीरांना त्याचे नाव सुचवताना काही वावगे वाटले नव्हते. म्हणजे असे लोक कारभारात सर्रास येत होते, म्हणूनच तर सुलतानाचा क्रोध पेटला. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. हनफी कायद्याच्या दोन पायऱ्यांनी मोजले, तर कमालचा नातू विवाहाच्या बाबतीत कुणाच्याही बरोबरीने उभा राहिला असता. बाजारातून विकत आणलेल्या बल्बनला मात्र ती शिडी पुरेना. त्याने अफ्रासियाबपर्यंत पोहोचणारी वंशावळ मिरवली. ज्याचे कुळ कुणाला ठाऊक नव्हते, त्यानेच कुळ हा निकष केला.

बरनीची साक्षही तपासायला हवी. बल्बन गेला १२८७ साली. बरनी जन्मला १२८५च्या सुमारास. बल्बनच्या दरबारातील गोष्टी त्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या आणि लिहिल्या सत्तर वर्षांनंतर. बल्बनच्या तोंडी त्याने जे घातले, त्यात बरनीचे स्वतःचे मत किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. कारण बरनी हा केवळ इतिहासकार नव्हता; कुळाच्या श्रेष्ठत्वाची तात्त्विक बाजू मांडणारा तो त्या काळचा सर्वांत कडवा लेखक होता.

'फतावा-ए-जहांदारी' या राजनीतीवरील ग्रंथात बरनीने मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा: माणसांचे गुण आणि अवगुण आरंभीच वाटले गेले आहेत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. म्हणून खालच्या कुळातील मुलांना नमाज-रोजापुरते धर्मज्ञान द्यावे, लिहिणे-वाचणे शिकवू नये. लिहायला शिकले की ते कारकून होतील, मग अंमलदार होतील, आणि मग कुलीनांवर हुकूम चालवतील. शाळेच्या हीरक महोत्सवात हा विचार ऐकताना अंगावर काटा येतो, पण बरनीला भीती कशाची वाटत होती हे त्यातून नेमके कळते. अमरोह्याचा हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या कमालला शेवटी लिखाणानेच दरबाराच्या दारापर्यंत आणले होते.

बरनीपुढे एक अडचण होती. कुराणात स्पष्ट सांगितले आहे, की ईश्वराजवळ श्रेष्ठ तोच, जो अधिक ईश्वरभीरू आहे. समतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे हे सर्वांत बळकट प्रमाण होते. बरनीने ते नाकारले नाही. त्याचा अर्थ उलटा फिरवला. श्रेष्ठत्व ईश्वरभक्तीत आहे हे खरे, पण नीच जन्माच्या माणसात खरी ईश्वरभक्ती असूच शकत नाही, असे त्याने लिहिले. अशा रीतीने समतेचे वचनच विषमतेचा पुरावा झाले. वचन मान्य करून त्याचा लाभ कुणाला मिळणार एवढेच बदलायचे, ही युक्ती बरनीनंतरही जगात पुष्कळांनी वापरली आहे.

बरनीच्या रागाचे कारण त्याच्या डोळ्यांदेखत घडत होते. तो सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतान मुहम्मद तुघलकाच्या सहवासात होता. या सुलतानाने गवई, न्हावी, आचारी, माळी आणि विणकर कुळांतील माणसांना प्रांत आणि खाती दिली, असे बरनी नावानिशी सांगतो. त्यातील अझीझ खम्मार याचा संबंध थेट महाराष्ट्राच्या इतिहासाशी येतो. 'खम्मार' म्हणजे दारू गाळणारा किंवा विकणारा. अझीझला सुलतानाने धार आणि माळव्याचा कारभार दिला. दख्खन, माळवा व गुजरातमध्ये तेव्हा 'अमीरान-ए-सदा', म्हणजे साधारण शंभर गावांवरचे सरदार, प्रबळ झाले होते आणि सुलतानाला त्यांच्या बंडाचा संशय होता. अझीझने धार येथे अशा ८९ सरदारांना पकडून एकाच वेळी ठार केले. सुलतानाने त्याला मानाचा पोशाख पाठवला. बातमी पसरताच गुजरातचे सरदार उठले. त्यांच्याशी लढताना अझीझ मारला गेला. त्यानंतर दौलताबादचे सरदार उठले, आणि १३४७ साली दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमनशाह तख्तावर बसला. दख्खन दिल्लीच्या हातून गेला.

बरनीच्या लेखी हा आपल्या सिद्धान्ताचा पुरावा होता: नीच माणसाला अधिकार द्या आणि राज्य गमवा. पण त्याच्याच हकीकतीतून दुसरे कारण निघते. अझीझने जे केले ते सुलतानाच्या मनातले होते. पोशाख आला तो म्हणूनच. कुळवंत सरदार आपल्या भाऊबंदांवर असा वार करायला कचरला असता. अझीझला भाऊबंद नव्हते. इल्तुतमिशच्या काळी तुर्क गुलाम ज्या कामासाठी विकत घेतला जाई, त्याच कामासाठी आता दारूवाल्याचा मुलगा वर चढवला जात होता. मुहम्मद तुघलकाला समता प्रिय होती असे यावरून म्हणता येत नाही. त्याला हवी होती अशी माणसे, ज्यांचा सुलतानावाचून कुणी नाही. सुलतानाची गरज आणि खालच्या माणसाची संधी एका ठिकाणी जुळली, की दार उघडत असे, आणि गरज संपली की बंद होत असे.

या दारातून सर्वांत दूर गेलेला माणूस म्हणजे खान-ए-जहान मकबूल. वरंगळचे काकतीय राज्य १३२३ साली पडले, तेव्हा तेथील राजाबरोबर त्याचा एक मातबर अधिकारी उत्तरेकडे निघाला. राजा वाटेतच वारला. हा तेलंगी अधिकारी पुढे मुहम्मद तुघलकासमोर मुसलमान झाला; सुलतानाने त्याचे नाव 'मकबूल', म्हणजे स्वीकारलेला, असे ठेवले. अफीफ हा इतिहासकार सांगतो, की मकबूलला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्याच्या बुद्धीची दरबारात ख्याती होती. बरनीने लिखाणाची भीती घातली होती. येथे लिखाणावाचूनच माणूस वर आला. १३५१ साली मुहम्मद तुघलक सिंधमध्ये वारला. दिल्लीतील वजिराने एका मुलाला तख्तावर बसवले, पण मकबूल दिल्ली सोडून फिरोझशहाला जाऊन मिळाला. फिरोझने त्याला वजीर केले.

त्याच्या वजिरीचा कस एका भांडणात लागला. ऐनुल्मुल्क माहरू हा जुना, विद्वान आणि लेखणीचा अधिकारी हिशेबतपासणीच्या खात्यावर होता. दोघांचे कागदपत्रांवरून खटके उडत आणि एकदा भर कचेरीत ते एकमेकांना वाटेल ते बोलले. फिरोझने वजिराची बाजू घेतली आणि ऐनुल्मुल्कला त्या जागेवरून दूर केले. मात्र त्याला टाकून दिले नाही. मुलतानचा प्रांत दिला आणि तेथील हिशेब वजिराकडे न देता थेट सुलतानाकडे द्यावेत अशी त्याची अट मान्य केली. निरक्षर नवमुस्लिम आणि विद्वान अधिकारी यांच्या या वादात कुळाचा मुद्दा निकालात आला नाही, ही बल्बनच्या काळापासून पडलेली मोठी मजल होती. पुढे सिंधच्या मोहिमेत सुलतान रणात हरवला आणि सहा महिने दिल्लीला त्याची खबर आली नाही, तेव्हा मकबूलने सुलतान खुशाल असल्याचे बनावट पत्र जाहीर करून शहर शांत ठेवले. तख्त मोकळे पडले होते. त्याने ते घेतले नाही. दिल्लीचा खरा बादशहा खान-ए-जहानच, असे फिरोझ म्हणत असे, अशी अफीफची नोंद आहे.

मकबूल १३६८-६९च्या सुमारास वारला. निजामुद्दीन वस्तीत त्याची अष्टकोनी कबर आहे. दिल्लीतील या घाटाची ती पहिली कबर. मृत्यूनंतर त्याचे पद आणि 'खान-ए-जहान' ही पदवी त्याचा मुलगा जूना शाह याला मिळाली. कुळ नसलेल्या माणसाने मिळवलेले पद दुसऱ्याच पिढीत कुळाचे झाले. हनफी शिडीच्या हिशेबाने अजून एक पायरी उरलीच होती, पण दरबारात ती कुणी मोजली नाही. जूना शाहने दिल्लीत मोठ्या मशिदी उभारल्या आणि वीस वर्षांच्या आत, १३८७ साली, शाहजादा मुहम्मदशी झालेल्या सत्तास्पर्धेत तो मारला गेला.

या दीडशे वर्षांच्या इतिहासात समतेचे वचन कुणीही नाकारलेले दिसत नाही. इल्तुतमिशने ते कागदाच्या रूपाने पुढे केले, फकीहांनी त्याला दोन पिढ्यांची मुदत घातली, बल्बनने ते वंशावळीखाली दडपले, बरनीने त्याचा अर्थ फिरवला, मुहम्मद तुघलकाने ते आपल्या सोयीपुरते वापरले. प्रत्यक्षात माणसे वर आली ती त्या वचनामुळे क्वचित, आणि धन्याच्या गरजेमुळे बहुधा. म्हणून ती वर आली तशी एका रागाच्या झटक्यात खालीही गेली. कमाल महियारजवळ योग्यता होती. त्या योग्यतेच्या मागे उभा राहणारा नियम नव्हता. अमरोह्याची ती जागा भरण्यापूर्वी बापाचे नाव विचारण्याची सोय सुलतानाला उरली होती, आणि सगळा वाद त्या एका प्रश्नात सामावलेला होता.